दुर्गामावशी आणि मागची शेड

माझी मावशी दुर्गा शिरढोणकर जन्मली तेव्हा मध्य भारत हे राज्य जाऊन नुकताच मध्य प्रदेश झाला होता. राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्या तिकडे हलल्या. तिचे वडील सरकारी कारकून. बदलीचा हुकूम आल्यावर त्यांनी सांगितलं, "मी उज्जैन सोडणार नाही." नोकरी गेली. मग शाळेत शिकवून त्यांनी घर चालवलं, पण भोपाळचं तोंड पाहिलं नाही. मावशीत तोच हट्ट उतरला होता. तिने टेलिफोन एक्सचेंजमध्ये आयुष्य काढलं, साहेबांशीही भांडण्यात काढलं, आणि यजमान गेल्यावर उज्जैनमधल्याच फ्रीगंजच्या घरात एकटी राहू लागली. घराची पुढची बाजू तिची, मागची बाजू आणि तिथली पत्र्याची शेड तिचे धाकटे दीर गोपाळभाऊजी यांची. वाटणी रीतसर झालेली होती. बोलणं-चालणं होतं, पण एकमेकांचं पटत नव्हतं.

सिंहस्थाच्या आदल्या वर्षी गल्लीत रिक्षावरून पुकारा झाला. कलेक्टरचा हुकूम आहे, भाडेकरू ठेवणाऱ्या प्रत्येक घरमालकाने त्याची माहिती ठाण्यात द्यावी, नाही दिली तर कारवाई होईल. त्याच सुमारास भाऊजींनी मावशीच्या वरच्या दोन खोल्यांसाठी भाडेकरू आणला. प्रकाश नावाचा तरुण, आगरकडचा, मोटरसायकल दुरुस्तीचं काम करतो म्हणे. सोबत त्याची बायको शोभा.

"माझा मित्र विलास, त्याच्या ओळखीचा आहे, वहिनी," भाऊजी म्हणाले. "ठाण्याच्या भानगडीत कशाला पडता? आपलं नाव उगाच पोलिसांकडे जाणार. आणि भल्या माणसाचा अपमान होतो."

"माझं नाव पोलिसांकडे गेलं तर त्यांनाच कळेल मी कोण ते," मावशी म्हणाली. "आणि विलास ओळखतो तर त्याचाही पत्ता लिहू. ठाण्याचं काम झाल्याशिवाय किल्ली मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती दोघांना घेऊन ठाण्यात गेली. मीही बरोबर होते. फोटो, ओळखपत्राची प्रत, गावचा पत्ता, आधी कुठे राहत होते, कामाची जागा, घरात कोण कोण राहणार, ओळखीची दोन माणसं, सगळं तिने प्रकाशला विचारून विचारून भरलं. मुन्शीने, म्हणजे ठाण्यातल्या कारकुनाने, कागद घेतला आणि एका गठ्ठ्यावर टाकला.

"रख दिया, माताजी. जाइए."

"दूसरी कॉपी पर मुहर लगा दीजिए, तारीख के साथ."

"इसकी ज़रूरत नहीं पड़ती."

"मुझे पड़ेगी," म्हणून ती समोरच्या बाकावर बसली. मुन्शीने चहा प्यायला, फोन घेतले, दोन तक्रारी लिहिल्या. मावशी हलली नाही. शेवटी त्याने वैतागून शिक्का मारला आणि सही केली. पुढची चौकशी प्रकाशच्या गावच्या ठाण्याकडून होणार होती. ते काम पोलिसांचं. तिचं काम सांगण्याचं होतं आणि ते झालं होतं.

शोभा अबोल होती, कामसू होती. प्रकाश दिवसभर बाहेर असे. थोड्याच दिवसांत त्याने भाऊजींची शेड भाड्याने मागून घेतली, गाड्या दुरुस्त करायला. मावशीने भाऊजींना बजावलं, "शेडही भाड्यानेच दिलीय. ती तुमची आहे, माझ्या कागदात ती नाही. तुम्ही वेगळं कळवा." भाऊजी हसले. "घरातलाच माणूस झालाय आता तो."

होळीच्या आधी एका दुपारी पोलिसांची गाडी दारात थांबली. प्रकाशला देवास गेटजवळ चोरीच्या मोटरसायकलसह पकडलं होतं. शेड उघडली तर आत आणखी गाड्या निघाल्या, नंबराच्या पाट्या काढलेल्या. गल्ली जमली. शोभा जिन्यात बसून राहिली. एक तरुण दरोगा, म्हणजे फौजदार, मावशीसमोर येऊन ओरडू लागला.

"चोर पालती हो घर में? किरायेदार रखा और थाने को खबर तक नहीं दी. चलो थाने, दफ़ा एक सौ अट्ठासी लगेगी, हुकुम तोड़ने की."

मावशी दारातून मागे सरली नाही. "आवाज़ नीचे. मैंने खबर दी थी, आपके ही थाने में. यह रही मुहर. फोटो आपके पास है, गाँव का पता आपके पास है. उसके गाँव से जवाब मँगवाया था आपने? क्या आया?"

दरोग्याने कागद उलटसुलट पाहिला. गावाहून उत्तर आलं होतं की नाही, त्याला माहीत नव्हतं.

"फिर भी बयान देना पड़ेगा."

"दूँगी. जो मालूम है, सच-सच दूँगी. लेकिन यहीं, घर पर. औरत को बयान के लिए थाने बुलाने का कानून नहीं है. महिला सिपाही को साथ लेकर आइए."

तो बाजूला झाला. दुसऱ्या दिवशी महिला शिपाई आली, आणि मावशीने काही न लपवता जबानी दिली: प्रकाश कधी आला, कुणाच्या ओळखीने आला, केव्हा येत-जात असे. शेडचं विचारल्यावर म्हणाली, "वो मेरी नहीं है."

खरी लढाई मात्र जबानीच्या आदल्या संध्याकाळीच झाली होती. भाऊजी तिच्या स्वयंपाकघरात आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"वहिनी, शेडही तुमच्याच भाड्यात होती असं सांगा. तुमच्याकडे शिक्का आहे, तुम्हाला कोणी काही करणार नाही. मी अडकेन."

"खोटं सांगितलं तर मीही अडकेन. मग त्या शिक्क्याला काय अर्थ राहिला?"

"घरच्या माणसासाठी एवढं नाही करणार?"

"वकील बघायला तुमच्याबरोबर येईन. कोर्टात रोज येऊन बसेन. पण खोटं बोलणार नाही, भाऊजी. आणि तुम्हीही बोलू नका. गाड्या चोरीच्या आहेत हे तुम्हाला माहीत नव्हतं, तेवढंच सांगा. ते खरं आहे."

भाऊजी ताट न घेताच उठले. त्यांच्यावर हुकूम मोडल्याचा गुन्हा दाखल झाला. चोरीचा माल ठेवल्याचा संशयही आला, आणि तो मिटेपर्यंत त्यांना ठाण्याचे नि वकिलाचे किती हेलपाटे पडले ते सांगायला नको. शेवटी संशय दूर झाला, हुकूम मोडल्याबद्दल दंड झाला. मावशी प्रत्येक तारखेला जाऊन मागच्या बाकावर बसायची. भाऊजी तिच्याकडे बघत नसत.

तोवर गल्लीने दुसराच विषय काढला होता. समोरच्या प्रतिभाताई चारजणींना घेऊन आल्या. "चोराच्या बायकोला आजच्या आज काढा. आमच्याही घरात लेकीबाळी आहेत."

शोभा आत भांडी घासत होती. तिने हात थांबवले.

"तिच्यावर पोलिसांनी गुन्हा लावलाय?" मावशीने विचारलं.

"नाही, पण..."

"ती कोण, कुठली, हे ठाण्याला माहीत आहे. माझ्या घरात ती लपून राहत नाही. तुमच्या मागच्या खोलीत ती तीन मुलं भाड्याने राहतात, त्यांची नावं तरी ठाण्यात आहेत का?"

प्रतिभाताईंनी मागे वळून पाहिलं. बाकीच्या आधीच पायऱ्या उतरत होत्या.

शोभा सिंहस्थ संपेपर्यंत राहिली. नदीवरच्या रामघाटाकडे एका अन्नछत्रात तिला पोळ्या लाटायचं काम मिळालं, मावशीच जाऊन बोलली होती. प्रकाशला भेटायला ती तुरुंगात एकदाच गेली आणि परत आल्यावर म्हणाली, "आंटी, अब नहीं जाऊँगी." मावशीने कारण विचारलं नाही.

पुढे शोभाचा भाऊ तिला आगरला न्यायला आला. मावशी भर बाजारातून तिची पेटी रिक्षात घालून देवास गेटच्या बसस्थानकावर पोचवायला गेली. वाटेत ओळखीचं कोणी दिसलं की रिक्षा थांबवून सांगायची, "ही शोभा. माझ्याकडे राहत होती. माहेरी चाललीय." शोभा लाजून पदर ओढायची, आणि मावशी तो मागे सारायची.

भाऊजी तिच्याशी पुढे दोन वर्षं बोलले नाहीत. तिनेही माफी मागितली नाही.