ताईने बदललेला आकडा

माझी थोरली बहीण बावीस वर्षं एका कारखान्यात पगारपत्रकं करत होती. मग कारखान्याने ते काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिलं आणि ताईला घरी पाठवलं. घरी ती आठ दिवस बसली. आठ दिवसांत तिने माझ्या बायकोचे मसाल्याचे डबे तीनदा लावले, आणि नवव्या दिवशी बायको मला म्हणाली, "यांना दुकानात न्या, नाहीतर मला न्या."

माझं झेरॉक्सचं दुकान कामगारांच्या विम्याच्या इस्पितळासमोर आहे. कोपऱ्यात एक टेबल टाकून दिलं. मला वाटलं, ताई माझ्या कागदांचे गठ्ठे मोजत बसेल. पण महिन्याभरात त्या टेबलापुढे माझ्यापेक्षा मोठी रांग लागायला लागली. मला हेवा वाटला, हे कबूल करतो.

तिचं काम असं. इस्पितळातल्या विम्याच्या खिडकीला पगाराच्या पावत्यांचे सुटे फोटो चालत नाहीत. महिनावार तक्ता लागतो. एका ओळीत एक महिना: मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे, जादा कामाचे पैसे, एकूण, मग कपाती: फंड, विमा, कॅन्टीन, उचलीचा हप्ता, आणि शेवटी हातात आलेली रक्कम. फोटो मागे जोडायचे. कामगार मोबाईलमध्ये फोटो घेऊन येतात. चुरगळलेले, तिरके, चहा सांडलेले, एकदा तर पावतीवर बाळाचा पाय होता. फोटो वाचून आकडे रकान्यांत बसवणारं एक सॉफ्टवेअर मीच ताईला घेऊन दिलं. ज्या आकड्याची त्याला खात्री नसते, तो रकाना ते पिवळा करतं.

ताईचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. तिरक्या फोटोत ते एका ओळीचं नाव आणि खालच्या ओळीचा आकडा यांची सोयरीक जुळवून टाकायचं. कॅन्टीनचे पैसे विम्यात, विम्याचे हप्त्यात. बेरीज तरीही जुळायची, म्हणून चूक कळायची नाही. ताईला मात्र कळायची. फंड म्हणजे मूळ पगार आणि महागाई यांचे बारा टक्के, विमा म्हणजे एकूण पगाराचा एक टक्का, हे तिच्या डोक्यात चोवीस तास चालू असायचं. नजर टाकली की ती म्हणायची, "दोनशे चार इथे नाही, वर." आणि ते वरच असायचं. मी कितीदा पैज लावून हरलो. त्यामुळे ती चढून बसली होती, आणि चढवली आम्हीच होती.

एका गुरुवारी सकाळी शीतगोदामात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका माणसाची बायको आली. नवऱ्याच्या डाव्या पायाची नस बंद झाली होती. बोटं निळी पडत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऑपरेशन लगेच व्हायला हवं, आज झालं तर पाय वाचेल. पण त्या ऑपरेशनला विम्याची मंजुरी लागत होती, आणि मंजुरीला सलग सहा महिने विमा कापल्याचा तक्ता. खाजगीत करायचं तर तिथे सांगितलेली रक्कम त्या बाईने ऐकूनसुद्धा घेतली नव्हती. ती अर्ध्यातच उठून आली होती.

"ताई, बारा वाजता खिडकी बंद होते," ती म्हणाली.

"मग बोलू नकोस. फोन दे," ताई म्हणाली.

नोव्हेंबर ते एप्रिल, सहा फोटो. फेब्रुवारीच्या पावतीत विम्यापुढे नुसती रेघ होती. मार्चच्या पावतीवर फोटो काढताना नवऱ्याचा अंगठा आला होता, त्यामुळे एकूण कपात आणि हातातली रक्कम या शेवटच्या दोन ओळी दिसत नव्हत्या. ताईने अर्ध्या तासात तक्ता केला. बाई धावत गेली आणि वीस मिनिटांत परत आली. खिडकीवर नुसता तक्ता पाहून अर्जावर लिहिलं होतं: फेब्रुवारीत खंड, नामंजूर.

मग जे झालं ते मला अजून आठवतं. बाई टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तिथे दोनशे चार हवे होते म्हणाले, लिहा ना. कोण बघतंय?"

"फोटोत रेघ आहे."

"फोटो पुसट करून छापा. दादा करतील." ती माझ्याकडे बघत होती. मी केलं असतं. देवाशपथ केलं असतं, एक बटण फिरवायचं होतं.

"पावतीत नाही ते मी लिहीत नाही," ताई म्हणाली. "उद्या पकडलं तर तुझ्या नवऱ्याचा विमाच रद्द होईल, जन्माचा."

मी ताईला आत बोलावून वाट्टेल ते बोललो. म्हटलं, तुझा प्रामाणिकपणा लोकांच्या पायावर कशाला? तुला कारखान्याने इतकी वर्षं राबवून हाकललं, तेव्हा हा प्रामाणिकपणा कुठे कामाला आला? बाई गोदामात पगार करणाऱ्या नव्या कंत्राटदाराला शोधायला गेली. गेटवरच्या माणसाने सांगितलं, ते सोमवारी येतात. फोन लागत नव्हता. दुपारभर ती इस्पितळ, गोदाम, दुकान अशा खेपा घालत होती, आणि प्रत्येक खेपेला नवऱ्याचा पाय कसा दिसतोय ते सांगत होती. ते कुणी विचारत नव्हतं, तरी सांगत होती.

शुक्रवारी सकाळी ताईने तिला पगार जमा झाल्याचे बँकेचे मेसेज आणायला सांगितले. कुणी मोठा साहेब भेटलाच, तर त्याला दाखवायला सहा महिन्यांचे पुरावे तरी असावेत म्हणून. ताई एकेक रक्कम तक्त्याशी ताडून बघत होती. नोव्हेंबर जुळला. डिसेंबर जुळला, जानेवारी जुळला, फेब्रुवारी जुळला. मार्चला तिचं बोट थांबलं.

तक्त्यात हातातली रक्कम होती सतरा हजार सहाशे चोवीस. बँकेत आले होते सतरा हजार चारशे वीस.

मी तिच्या मागेच उभा होतो. तिने मार्चचा फोटो उघडला, मोठा केला. विम्यापुढे स्वच्छ लिहिलं होतं: चारशे अठरा. आणि तक्त्यात होते दोनशे चौदा.

"सॉफ्टवेअरने चुकीचं वाचलं?" मी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "त्याने बरोबर वाचलं होतं. पिवळंही केलं नव्हतं. मी बदललं."

मार्चचा एकूण पगार एकवीस हजार चारशे. त्याचा एक टक्का दोनशे चौदा. चारशे अठरा दिसल्यावर तिला वाटलं, मशीनने नेहमीसारखी दोन ओळींची खिचडी केली असणार. फोटोकडे तिने वळूनही पाहिलं नव्हतं. डोक्यातला टक्का खरा धरला. शेवटची ओळ अंगठ्याखाली, म्हणून हातातली रक्कमही तिने स्वतःच वजाबाकी करून भरली. त्यामुळे तक्त्यात सगळं जुळत होतं. चारशे अठरातून दोनशे चौदा गेले की उरतात दोनशे चार. फेब्रुवारीच्या वीस हजार चारशेचा एक टक्का. नवा कंत्राटदार फेब्रुवारीत विमा कापायला विसरला होता आणि मार्चमध्ये त्याने दोन्ही महिन्यांचा एकदम कापला होता.

खंड नव्हताच. खंड ताईने केला होता.

मला आदल्या दिवशी तिला बोललेलं सगळं आठवलं. त्यातलं एकही वाक्य बरोबर जागी लागलं नव्हतं. ताईने नवा तक्ता छापला. फेब्रुवारीच्या रकान्यात शून्य, मार्चमध्ये चारशे अठरा, आणि खाली टीप: मार्चच्या कपातीत फेब्रुवारीचे दोनशे चार समाविष्ट. सोबत बँकेचा मेसेज. ती स्वतः खिडकीपाशी गेली. गुडघ्यांमुळे ती दुकानाच्या दोन पायऱ्या उतरतानाही माझा खांदा धरते, त्या दिवशी धरला नाही. खिडकीतल्या माणसाने मार्चचा फोटो फोनवर मोठा करून पाहिला, कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि म्हणाला, "हे कालच का नाही दाखवलं?" आणि शिक्का मारला.

ऑपरेशन शनिवारी झालं. नस उघडली, पण खालचं मांस मेलं होतं. सोमवारी पाय गुडघ्याखाली कापला.

डॉक्टर म्हणाले, गुरुवारी केलं असतं तरी सांगता आलं नसतं. हे वाक्य मी ताईला दिवसातून दहादा ऐकवायचो. ती म्हणायची, "सांगता आलं नसतं म्हणजे वाचला असता असंही असेल ना?" जेवायची नाही. माझ्या बायकोने, जिचं आणि तिचं कधी पटलं नाही, तिला हाताने घास भरवला, तेव्हा कुठे दोन घास गेले. टेबल बंद राहिलं. लोक विचारायचे, मी सांगायचो, आजारी आहे. खोटं नव्हतं ते.

तीन आठवड्यांनी ती बाई आली. ताई त्या दिवशी मागे स्टुलावर बसली होती, मीच बळेबळे आणलं होतं. बाईला काही ठाऊक नव्हतं. तिने ताईचे हात धरले. म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून मंजुरी तरी मिळाली. नाहीतर माणूसच गेला असता."

मी डोळ्यांनी ताईला खुणावत होतो, गप्प बस. हातातलं सुख हातात राहू दे. तिचंही आणि तुझंही.

"बस," ताई तिला म्हणाली. आणि सगळं सांगितलं. चारशे अठरा, दोनशे चौदा, सगळं. एक शब्द मऊ केला नाही. "मशीनने बरोबर वाचलं होतं. मी फोटो न बघता बदललं. तुझा एक दिवस माझ्यामुळे गेला."

बाईने हात सोडवून घेतले. रस्त्याकडे बघत बसली. मी पाणी दिलं, ते तिने टेबलावर ठेवलं. झेरॉक्सचं मशीन चालू होतं, मी जाऊन बंद केलं.

मग तिने पिशवीतून फोन काढला.

"अपंगत्वाच्या पेन्शनला बारा महिन्यांचा तक्ता लागतो म्हणाले," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाकडे जाऊ ते मला माहीत नाही."

ताईने फोनसाठी हात पुढे केला. बाईने दिला नाही. खुर्ची ओढून ती ताईच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसली आणि फोन दोघींच्या मध्ये धरला.

"मला इंग्रजी आकडे येतात," ती म्हणाली. "तुम्ही मोठ्याने वाचा, मी बघते. मग लिहा."

ताई वाचू लागली. मूळ पगार, महागाई, घरभाडे. एक महिना, दुसरा महिना. प्रत्येक आकड्याला बाई मान हलवायची आणि मगच ताईचं बोट बटणावर जायचं. मार्चच्या फोटोत विम्याच्या ओळीपाशी ताईने बोट मागे घेतलं.

"वाचा," बाई म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकायचंय मला."