बुद्धपौर्णिमेचा टायर

बुद्धपौर्णिमेच्या दुपारी मी बाबाच्या जिवलग दोस्ताले मोटारीचा टायर पाठवला.

(फोनवर. पण अपमान फोनवरचा असला म्हणून वजनानं कमी भरत नाही!)

दोस्त म्हणजे समोरचे मेश्राम गुरुजी. तीस वर्षांची यारी, आन आठ दिवसांपासून अबोला. काहून? तर कॅरमची राणी! गुरुजी म्हणत, बाबानं कोपरानं सरकवली. बाबा म्हणत, वाऱ्यानं सरकली.

सणाच्या दिवशी बाबा हातमागावर बसला होता, पण धोटा न फेकता हातातच धरून. म्हणे, "गुरुजीले माह्या फोनवरून शुभेच्छा टाक. नीट टाक, सन्मानानं. मी पहिले बोलणार नाही!"

"मेसेज म्हणजे बोलणंच ना, बाबा?"

"मेसेज फोन बोलते. मी कुठं बोलून राहिलो?"

मी कूलरसमोर आडवा झालो. वैशाखाची दुपार, शेजारच्या मागाची खटक-खट, कूलरची घरघर... डोळे असे जड, का सारं घर तलावातल्या शिंगाड्याच्या पानांवानी डुलून राहिलं होतं. बाबाचा दिवाळीचा मेसेज सापडला. दिवाळी काढली, बुद्धपौर्णिमा लिवली. शेवटचा ओम आन पणती तशीच ठेवली. शोभून दिसत होती! दिली ढकलून.

निळ्या खुणा आल्या. मंग उत्तर आलं: "वामनराव, माह्या सणाले तुमच्या घरची पाटी?"

वामनराव! ज्या माणसानं बाबाले जन्मभर 'वामन्या' म्हटलं, तो आता 'राव' लावते! मी घाबरून मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. पण डिलीट केल्याची ओळ तिथंच उरली, पाय पुसल्यावर चिखल उरते तशी.

गुरुजी: "शुभेच्छाही परत घेतल्या का?"

आता धम्मचक्रच पाठवावं म्हटलं. शोधायच्या चौकटीत 'व्हील' टाकलं. अर्धवट झोपेत मले चाकंच चाकं दिसली, हळूहळू आभाळात चढून राहिलेली. सगळ्यात पहिलं दाबलं. टायर! सुधारायले दुसरं दाबलं. जत्रेतला आकाशपाळणा!

गुरुजी: "पंक्चरचं दुकान टाकलं का मीनाबाजार?"

"काय म्हणते रे तो?" बाबानं विचारलं. आवाजात इतकी आशा होती, का माही झोपच उडाली.

"लय खुश झाले," मी म्हटलं, आन चप्पल सोडून, फोन घेऊन समोर पळालो.

गुरुजी ओसरीत खिरीनं भरलेलं गंज घेऊन, पळीनं ढवळत बसले होते. मी एका दमात कबूल केलं: "बाबानं नाही, मी पाठवलं! बाबानं तर सन्मानानं टाक म्हटलं होतं."

गुरुजीनं चश्मा पुसला. "ओम वाईट थोडीच हाय रे? तुमच्यासाठी पवित्र हाय. पण मी माहा धम्म जाणूनबुजून घेतला. माह्या सणाले तू तुह्या देवाची खूण पाठवली, तर वाटते, माहा धम्म तुले दिसलाच नाही. आण तो फोन."

गुरुजीनं फोनवरचं खुणांचं पान उघडलं. जांभळे चौकोन एका ओळीत: क्रूस, चांदतारा, ओम, चक्र.

"पाय, कसे खेटून बसले. बोट घसरलं का धर्म बदलते! हे चक्र. आठ आरे मोज. अष्टांगिक मार्गाचे आठ. टायरले आरे असतात का?"

"नाही जी."

"खातरी नसली तर नुसतं फूल टाकावं आन सणाचं नाव नीट लिवावं. आन दिवस पाहावा. गुड फ्रायडेले दवाखान्यातल्या थॉमस सिस्टरले केक आन फुगे कोणं पाठवले होते?"

"...मीच."

"तो दुःखाचा दिवस होये, पोट्ट्या! क्रूस बरोबर असला तरी फुगे नाही चालत. त्या दिवशी 'हॅप्पी' नसते. ईस्टरले पाठवायचं."

"आन ईदले?"

"चांद पाठव, मुबारक म्हण. मोहरमले मुबारक म्हणत सुटू नोको. आन नाहीच समजलं तर त्या माणसालेच विचार! विचारल्यानं कोणी मरत नाही."

आमच्या दारातून बाबाचं अर्धं डोकं दिसून राहिलं होतं. गुरुजी ओरडले, "वामन्या! ये, खीर खा!"

"मी बोलत नाही!" बाबा ओरडला.

"बोलू नोको, खा!"

बाबा आला. दोन वाट्या मुकाट्यानं खाल्ल्या. तिसरीले म्हणे, "राणी कोपरानंच सरकली होती." गुरुजीले इतकं हसू आलं का खीर मिशीले लागली.

आता मोहल्ल्यात कोणताही सण असो, शुभेच्छा पाठवायच्या आधी लोक मलेच दाखवून जातात. मी एकदा एकाले फुशारकीनं विचारलं, "माह्यावर इतका भरोसा काहून जी?"

त्याच्या आधी आतून आईच म्हणाली, "जे तुले आवडलं, ते काढून टाकतात!"