‘ती’ म्हणजे कोण?

पनवेलला मी कायद्याच्या कागदांची भाषांतरं करायचे. एकदा एका वकीलबाईंनी तळोज्याच्या वृद्ध अशिलाच्या मृत्युपत्राचा मसुदा इंग्रजीत करायला पाठवला. त्यातल्या एका वाक्यावर मी अडले : ‘माझी बहीण व तिची मुले या घरात राहतील, ती हयात असेपर्यंत त्यांना कोणी काढू नये.’

मी ईमेल केला : ‘“ती” म्हणजे फक्त बहीण, की मुलेही? इंग्रजीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत. मी ठरवणे योग्य नाही. कृपया अशिलांना विचारून कळवावे.’

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंचा फोन आला. “अहो, आजोबा दचकलेच! म्हणाले, बहिणीच्या मागे पोरांना घराबाहेर काढलं असतं की कुणीतरी.”

सही अजून व्हायची होती. नव्या मसुद्यात ‘बहीण आणि तिची मुले, सर्वजण हयातभर’ असं स्वच्छ आलं. ते इंग्रजीत उतरवताना मला फार बरं वाटलं.