पाच तारे आणि अर्धं ताट

लालबागमध्ये आमची मालवणी खानावळ आहे. रविवारी दुपारी जेवणाऱ्याच्या पाठीशी पुढचं गिऱ्हाईक उभं असतं, आणि मला त्याचा माज होता. मोबाइलवरच्या रिव्ह्यूंना उत्तरं मीच देतो. मागच्या सोमवारी एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, ‘काय ती आपुलकी. वडील सावकाश जेवतात, तर मालक स्वतः ताटाशी येऊन उभे राहिले. मागच्या माणसाला म्हणाले, झालंच यांचं. धन्य झालो.’

बायको म्हणाली, “टोमणा आहे हा.”

“तारे बघ,” मी म्हटलं. “चिडलेला माणूस एकच तारा देतो.” आमच्या घरात तर मायाही टोमण्यातूनच करतात. चिडवतो तो आपला, हे माझं गणित. मी हसरा चेहरा टाकून लिहिलं, ‘वडिलांना पुन्हा आणा, या वेळी घड्याळ लावून बसतो.’

तिने फोन घेतला आणि रिव्ह्यूखालचा फोटो मोठा करून दाखवला. तो मी उघडलाच नव्हता. ताटात अर्धी सुरमई आणि कालवलेला भात तसाच होता.

“हात थरथरणारे आजोबा होते,” ती म्हणाली. “आवडलं नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाले, पोट भरलं.”

मला आजोबा आठवेनात. टेबल लवकर रिकामं झालं, एवढंच आठवलं.

उत्तर काढून मी माफी लिहिली. त्याचे तारे मात्र मला काढता येत नाहीत. अजूनही कुणी ते बघून आत येतं, आणि मी मान खाली घालून पाणी ठेवतो.