माझ्या जीन्सशी जुळली नाही म्हणून

मी एक खरी जीन्स खोटी ठरवली. ताडून पाहिली ती माझ्या स्वतःच्या जीन्सशी, आणि खोटी निघाली ती माझी.

रिसोडला माझं रेडीमेडचं दुकान आहे. जीन्स विकता विकता केस पांढरे झाले, म्हणून लोक मला त्यातला जाणकार समजतात. मीही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. कुणी ऑनलाइन किंवा जुनी, वापरलेली कंपनीची पॅन्ट घेतली की गावाच्या ग्रुपवर तिचे तीन फोटो पडायचे: खिशाच्या कोपऱ्यावर ठोकलेले धातूचे रिबिट, मागे कमरेवर शिवलेला पॅच आणि आतलं लेबल. मग मी चष्मा पुसून निकाल द्यायचो. 'ओरिजिनल' किंवा 'डुप्लिकेट'. खाली अंगठ्यांची रांग लागायची. दुकानात दिवसभर गिऱ्हाईक फिरकलं नसलं तरी तेवढ्यावर मला जेवण गोड लागायचं.

निकाल देण्याची माझी रीत सोपी होती. माझ्याकडे त्याच नामांकित कंपनीची एक जीन्स होती. अकोल्याला माल भरायला गेलो असताना एकानं मला बाजूला घेऊन दाखवली होती. "बाहेरून आलेला कंटेनरचा माल आहे शेठ, तुमच्यासारख्यालाच कळन." मला कुणी शेठ म्हटलं की माझं डोकं तिथंच थांबतं. रिबिट आरशासारखे चकचकीत, पॅच चपलेच्या तळव्याएवढा जाड, आतल्या लेबलावर ठळक अक्षरात अमेरिका. पॅचवर चौतीस आणि लेबलावर छत्तीस असे दोन आकडे होते. त्याचा अर्थ मी असा लावला की मोठी कंपनी पोटाचा विचार करते.

एका सकाळी इथल्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी ग्रुपवर फोटो टाकले. वापरलेली जीन्स, ठेवावी की परत करावी? मी माझी पॅन्ट काउंटरवर पसरली आणि मोबाईल शेजारी ठेवला. त्यांचे रिबिट मळकट तांबूस, अक्षरं बारीक. पॅच पुठ्ठ्यासारखा पातळ, धुऊन आकसलेला. आतलं लेबल म्हणजे एकावर एक शिवलेल्या पानांची वहीच, धुण्याच्या सूचना दहा भाषांत, आणि वर बांगलादेश! मी फोटोवर लाल गोल काढले आणि लिहिलं, 'शंभर टक्के डुप्लिकेट. अमेरिकन कंपनी बांगलादेशात शिवत नसते. पॅच चामड्याचा पाहिजे. असा माल विकणाऱ्यापासून सावध.'

अंगठे पडले. मग प्राध्यापकांनी लिहिलं, 'केनवडच्या ताईंकडून घेतली होती. आजच परत करतो.'

केनवडच्या ताई म्हणजे माझी भाचेसून. तिचा भाऊ पुण्यात राहतो. होस्टेलची मुलं शिक्षण संपवून गावी जाताना चांगले कपडे विकून टाकतात, ते तो घेऊन तिला पाठवायचा. ती धुऊन, इस्त्री करून, फोटो काढून मोबाईलवरून विकायची. बिल कुठून असणार? तिचं सगळं दुकान त्या तीन फोटोंवर आणि लोकांच्या भरवशावर उभं होतं. केनवडच्या स्टँडजवळ एक गाळा तिनं बोलून ठेवला होता आणि घरच्यांना कसंबसं राजी केलं होतं.

तेव्हाच लिहायला हवं होतं, 'थांबा, पुन्हा पाहतो.' नाही लिहिलं. माझा निकाल चुकतो हे मला माहीत नव्हतं, हे एक. दुसरं असं की माझ्या दुकानात जीन्सच्या थप्प्यांवर धूळ बसत होती आणि ही पोरगी घरबसल्या विकत होती. खोटं कशाला बोलू, आतून जरा बरंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती जीपनं आली. तोवर तिच्याकडे बऱ्याच पॅन्टी परत आल्या होत्या. पाणीसुद्धा न घेता तिनं काउंटरवर दोन जीन्स ठेवल्या. एक प्राध्यापकांनी परत केलेली, दुसरी कोरी.

"मामाजी, ही माह्या भावानं कंपनीच्या शोरूममधून घेतली. हे बिल. आता तुमची काढा."

"माझी कायले?"

"तुमी जिच्यावरून पाहून राह्यले ते तं पाहू द्या."

काढली. तीन पॅन्टी शेजारी शेजारी. शोरूमच्या पॅन्टीचा पॅच पुठ्ठ्यासारखाच. "आता साध्या मॉडेलले असाच असते," ती म्हणाली, "काहीले चामडं असते, पण चामडं नाही म्हणून खोटी नाही होत." लेबल तसंच पानापानांचं, वर बांगलादेश. रिबिट तसेच मळकट. तिनं आतून रिबिट दाखवले. त्या दोन्ही पॅन्टींच्या रिबिटांना पाठीमागेही बारीक अक्षरं होती. माझ्या रिबिटांची पाठ कोरी. मग तिनं कमरेचं बटण उलटं केलं. मागे आकडा कोरलेला. तोच आकडा आतल्या लेबलावर छापलेला.

"एकट्या आकड्यावर नाही जायचं. पॅच, लेबल, रिबिट, शिलाई, सगळं जुळलं पाह्यजे. हिचं जुळते. तिचंबी जुळते. आता तुमचं बटन पाहा."

पाहिलं. गुळगुळीत होतं.

"अन् हे काय वो मामाजी, मांगं चौतीस अन् आत छत्तीस?"

पोटाचा सिद्धांत मी तिला सांगितला नाही. "जुनं मॉडेल असन," म्हणालो.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "ग्रुपवर लिहा," म्हणाली, "का जीन्स खरी हाय अन् तुमची चूक झाली. मले गाळ्याचं शनिवारी सांगायचं हाय."

"लिहितो ना."

ती गेल्यावर लिहायला बसलो. 'माझी चूक झाली' असं टाईप केलं आणि पुसलं. पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. शेवटी जे गेलं ते असं: 'फोटो अस्पष्ट असल्याने सदर जीन्स ओरिजिनल असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' फोटो चांगले लख्ख होते. या वाक्याला एकही अंगठा पडला नाही. त्यात कुणाचा तरी वाढदिवस होता, शुभेच्छांत ते वाहून गेलं. 'सावध' मात्र लोकांच्या ध्यानात राहिलं होतं.

गाळा गेला. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. पुण्याहून माल यायचा थांबला. भाचा रस्त्यात दिसला की गाडीचं हँडल दुसरीकडे वळवतो.

दिवाळीनंतर मी केनवडला गेलो. मनात एक योजना होती आणि ती मला फार उदार वाटत होती. तिच्या घरात कोपऱ्यात पॅन्टींची गाठोडी बांधून ठेवली होती. चहा झाल्यावर मी म्हणालो, "हे असं कायले पडू देता? माझ्या दुकानात ठेवा. अर्धा काउंटर देतो. मी स्वतः गिऱ्हाइकाले सांगतो, ओरिजिनल आहे म्हणून."

तिनं रिकामे कप उचलले.

"नाही मामाजी. डुप्लिकेट म्हणणारे तुमीच, आता तुमीच ओरिजिनल म्हटलं, तं जो घेणार हाय तोबी नाही घेणार."