बिनजाहिरातीचा अर्ज

जुन्नरच्या कचेरीबाहेर, पत्र्याच्या आडोशाला दस्तगीर मुनशी टाइपरायटर मांडून बसत. त्यांना किळस यायला काही लागत नसे. कुणी पानाची पिंक टाकली की मुनशींचं नाक वर, कुणी बशीतला चहा फुर्रकन ओढला की वर, आणि एखाद्याने अंगठ्याची शाई सदऱ्याला पुसली की ते तोंड फिरवून थेट शिवनेरीकडे बघत बसायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, ताजबीनं या माणसासोबत संसार कसा केला हे एक ती जाणे आणि एक अल्ला.

पण १९५६ च्या त्या पावसाळ्यात मुनशींना स्वतःच्याच कामाची किळस आली, आणि त्याला कारण झाली कांदाभजी.

झालं असं. ताजबीनं रविवारच्या बाजारातून भजी आणली. भजी संपली, कागद उरला. तेलानं पारदर्शक झालेल्या त्या कागदावर इंग्रजी टायपात उमटलं होतं: अर्जदार कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक, वक्तशीर आणि सच्छील आहे. मशीन मुनशींचं, ठोका मुनशींचा. खालचं नाव तेवढं कुण्या गेणभाऊचं. कचेरीची रद्दी भजीवाल्याकडे जाते हे अख्ख्या जुन्नरला ठाऊक. मुनशींना ते त्या दिवशी हाताला तेल लागल्यावर कळलं.

हे पाच गुण म्हणजे मुनशींचं पंचामृत. शिपाई व्हायचं असो, तलाठी व्हायचं असो की कंपाउंडर, पंचामृत तेच. आणि अर्ज नेहमी इंग्रजीत. अर्जदाराला त्यातलं अक्षर कळत नसे, पण लोकांची श्रद्धा अशी की इंग्रजी टायपाचा कागद साहेबाच्या टेबलावर गेला की साहेब निम्मा उठून उभा राहतो.

भज्यांनंतरच्या सोमवारी रखमाजी आले. कळंबचे शेतकरी, पण बऱ्याच वर्षांपासून जुन्नरजवळच्या मळ्यात राहणारे. मागे त्यांची लेक शीला. शीला नवऱ्यानं टाकलेली, हे सांगायला नको होतं. गावाला ते तिच्याआधी ठाऊक होतं. बापाच्या घरी राहायची आणि भावजयीच्या हातची भाकरी खायची. भावजय भाकरी वाढायची ती ताटात कमी आणि तोंडावर जास्त.

"मुनशी, एक अर्ज हाणा," रखमाजी स्टुलावर बसत म्हणाले. "लई ताकदीचा पायजे. इंग्रजी!"

"कशासाठी?"

"नोकरीसाठी."

"कुठली नोकरी?"

"आता नोकरी म्हंजी नोकरी, मुनशी! मंचरला हाय. कुशाबाई न्हाई का आमची भैन, तिनं निरोप धाडला की मंचरला पोरींच्या बोर्डिंगात बाई ठेवणार हायेत. राहायला खोली देत्यात." शेवटचं वाक्य ते जरा हळू बोलले. शीलानं मान खाली घातली. खोली हेच सारं होतं.

"जाहिरात आणलीत?"

"कसली?"

"पेपरात आली असेल, नाहीतर बोर्डिंगच्या फळ्यावर लावली असेल. बाई कशी पाहिजे, काय शिकलेली, काय काम, हे लिहिलेलं असतं."

"ते काय आमाला गावलं न्हाई. पण पोरीचा कागद हाय ना!" रखमाजींनी खिशातून घडी काढली.

कागद शीलानंच लिहिलेला. वय, गाव, सातवीची फायनल पास, शिवणाच्या वर्गाचं प्रशस्तिपत्र, सूतकताईचा दाखला. अक्षर सरळ, जरा मोठं, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं. मुनशींनी तो कागद दोन बोटांनी धरला, कारण घडीत तंबाखूचा भुगा होता.

"यावर मी काय लिहू?"

"तुमचं नेहमीचं टाका की! कष्टाळू, परमाणिक. आमच्या जानकूला टाकलं व्हतं तसं."

"जानकूला नोकरी लागली?"

"न्हाई. पण अर्ज लई झ्याक झालता."

मुनशींनी कागद चढवला. हात आपोआप चालू लागले. कष्टाळू झालं, प्रामाणिक झालं. आज्ञाधारकशी आले आणि जिभेवर कांदाभज्याचं तेल आलं. त्यांनी हात आवरले.

"पोरी, तू आज्ञाधारक आहेस का?"

शीला पहिल्यांदा वर बघून बोलली. "असते तर सासरी नसते का, चाचा?"

रखमाजी खाकरले. मुनशींनी कागद मशीनमधून खर्रकन ओढला.

"हे बघा रखमाजी. बोर्डिंगवाल्यांना काय पाहिजे तेच मला माहीत नाही. त्यांना स्वयंपाकीण हवी असेल आणि मी शिवण लिहिलं तर फुकट. शिकवणारी हवी असेल आणि मी कष्टाळू लिहिलं तर तेही फुकट. आंधळ्यानं बाण मारायचा आणि वर सांगायचं की धनुष्य चांगलं आहे."

"पण मुदत निघून गेली म्हंजी?" रखमाजी कळवळले. "कुशाबाई म्हणली, लौकर करा. तुमी जाहिरात शोधत बसाल आणि तिकडं दुसरीच बाई खोलीत पथारी टाकंल! सपक तर सपक, पण आज टपालात पडू द्या."

बोलणं चुकीचं नव्हतं. मुदत कुणालाच ठाऊक नव्हती. पंचामृत आज गेलं तर निदान पोचलं तरी असतं. जाहिरात येईपर्यंत थांबावं तर कदाचित दार बंद. मुनशी नाक चिमटीत धरून विचार करत राहिले. मागून एक जण पचकन थुंकला, त्याचीही त्यांना शुद्ध नव्हती. ताजबीनं हे ऐकलं तेव्हा नवऱ्याला ताप तर आला नाही ना, म्हणून कपाळाला हात लावला म्हणे.

शेवटी ते म्हणाले, "अर्ज मी टाइप करून ठेवतो. उद्या दुपारच्या टपालापर्यंत जाहिरात नाही आली तर हाच जाईल. पण कुणीतरी मंचरला जाऊन बघून या."

"कोण जाणार? माजं तर पेरणीचं—"

"मी जाते," शीला म्हणाली.

"एकटी?"

"एकटीच आले होते ना सासरहून."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं ती निघाली. नारायणगावला गाडी बदलली, मंचरला उतरली आणि बोर्डिंगच्या व्हरांड्यात फळ्यासमोर उभी राहून अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. दुपारी परत आली तेव्हा नेसूचं पातळ चिखलानं भरलेलं होतं. मुनशींनी सवयीनं नाक वर केलं, मग कागद हातात आल्यावर खाली केलं.

वाचता वाचता त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

"काय लिवलंय?" रखमाजींनी विचारलं.

"मुलींच्या वसतिगृहासाठी निवासी पर्यवेक्षिका. किमान फायनल पास. शिवणकाम येणारी. आजारी मुलींची शुश्रूषा करण्याचा अनुभव असल्यास प्राधान्य. दाखल्यांच्या खऱ्या नकला जोडाव्यात. मुदत शनिवार." मुनशी थांबले. "आणि अर्ज मराठीत, स्वहस्ताक्षरात. टंकलिखित अर्जाचा विचार केला जाणार नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे माझा इंग्रजी अर्ज त्यांनी उघडून बघितलाच नसता. सरळ भज्याला गेला असता."

"आँ! टायपाचा नको? इंग्रजी नको?" रखमाजींना बोर्डिंगच्या अकलेची शंका आली. "असली कसली संस्था वो ही?"

"फळ्याजवळच्या बाईंना मी विचारलं," शीला म्हणाली. "पर्यवेक्षिकेला मुलींच्या आईबापांना पत्रं लिहावी लागतात. हात कसा चालतो ते त्यांना बघायचंय."

मुनशींनी टाइप केलेला अर्ज उचलला, चार तुकडे केले आणि ते तुकडे खिशात घातले. रद्दीत टाकायची त्यांची हिंमत झाली नाही. मग टेबलावरून मशीन बाजूला सरकवलं. ते मशीन तिथून हललेलं कचेरीतल्या कुणी पाहिलं नव्हतं. शिपाई बघायला बाहेर आले.

"बस. लिही."

"मी काय लिहू, चाचा? तुम्हीच सांगा."

"मी सांगितलं तर ते पंचामृत होईल. त्यांनी काय मागितलंय ते एकेक घे आणि तुझ्याकडे काय आहे ते सांग. फायनल आहे. शिवण आहे. शुश्रूषा?"

"नाही."

"कधी कुणाचं दुखणं काढलंच नाहीस?"

 शीला तोंडात कडू काहीतरी आल्यासारखं बोलली, "सासूला अर्धांगवायू झाला होता. दोन वर्षं मीच बघत होते. उचलणं, पुसणं, भरवणं, घाण काढणं, सगळं. ती गेली आणि तेराव्यानंतर त्यांनी मला आळेफाट्याच्या गाडीत बसवून दिलं."

"हे कागदात का नाही लिहिलंस?"

"मला त्या घराचं नाव लिहायची शिसारी येते."

मुनशींना शिसारीबद्दल कुणी शिकवायची गरज नव्हती. 

"घराचं नाव लिहू नकोस," ते मग म्हणाले. "काम लिही. काम तर तू केलंस ना, त्यांनी नाही केलं."

तिनं लिहिलं: 'अर्धांगवायू झालेल्या वृद्ध स्त्रीची मी दोन वर्षे शुश्रूषा केली आहे.' एक ओळ. पण ती लिहिताना टाक कागदात रुतला आणि शेवटच्या शब्दावर शाईचा ठिपका पडला. मुनशींचा हात टीपकागदाकडे गेला. "पुन्हा लिहू का?" तिनं विचारलं. ठिपका बघून त्यांच्या अंगावर काटा आला, पण दाखल्यांच्या नकला अजून व्हायच्या होत्या आणि टपाल गाठायचं होतं. "राहू दे," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघत राहिले.

दाखल्यांच्या नकला मात्र त्यांनीच टाइप केल्या. हेडमास्तरांकडून 'खरी नकल' म्हणून सही-शिक्का आणला. पाकीट पोस्टात पडलं.

पंधरवड्यानं मुलाखतीचं कार्ड आलं. शीला गेली. तिथल्या बाईंनी फायनलचं विचारलं नाही की शिवणाचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ सोलू नये म्हणून काय करतात, एवढंच विचारलं. शीलानं सांगितलं. श्रावणात ती ट्रंक घेऊन मंचरच्या खोलीत राहायला गेली. भावजयीनं जाताना भरल्या डोळ्यांनी ओटी भरली, यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता इथं थांबलं असतं तर मुनशींच्या आयुष्यात एक तरी स्वच्छ गोष्ट घडली असं म्हणता आलं असतं. पण रखमाजींचं तोंड कोण धरणार! नारायणगावच्या बाजारात त्यांनी टिमकी वाजवली. "मुनशींनी एक वळ सांगितली आन् पोरीला नोकरी लागली! जादूची वळ हाय राव!"

पुढच्या सोमवारी पत्र्याखाली रांग. पहिला हौशीराम, आळेफाट्याकडचा गडी, मिशी पिळलेली, हातात कोरा कागद.

"मुनशी, कालव्यावर चौकीदाराची जागा हाय म्हणं."

"जाहिरात आणली?"

"जाहिरात कशाला? शीलाताईला लिवलं तेच लिवा की. ते अर्धांगवायूचं."

"तू कुठल्या अर्धांगवायू झालेल्या बाईची शुश्रूषा केलीस रे?"

"न्हाई केली. पण लागू पडतंय ना राव! नाव तेवढं बदला."

मागच्या भिमाजीनं मान डोलावली. "मलाबी तेच. मी शिपायाच्या जागंला टाकतोय."

मुनशींनी रांगेकडे शेवटपर्यंत पाहिलं. मग ते उठले, नळावर गेले आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. परत आले तर हौशीराम त्यांच्याच जागेवर बसून टाइपरायटरच्या कळांवर भुगा सांडत तंबाखू मळत होता.