तात्याबुवांच्या मागे

तात्याबुवा गेल्याचा निरोप मला कचेरीत मिळाला. गव्हाणचा धर्मा धापा टाकत दारात उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, बुवा गेलं." मी टाक खाली ठेवला, टोपी उचलली, आणि पायरी उतरतो न उतरतो तोच आमचे हेडक्लार्क मागून विचारते झाले, "अरेरे... मग आता गादीवर कोण?" माणूस अजून जमिनीवर निजवलेला, आणि यांना गादीची काळजी! मी काहीतरी तोडून बोललो. पण आज कबूल करतो, राग त्यांचा नव्हता. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर पनवेलीत मला एकट्याला ठाऊक होतं, आणि ते मला आवडलेलं नव्हतं.

बुवांचा मठ म्हणजे तळ्याकाठचं कौलारू घर. दर गुरुवारी भजन, आणि ज्याला हवा त्याला अनुग्रह. म्हणजे बुवा उजव्या कानात नाम सांगायचे, ते रोज जपायचं, बस्स. शिष्यांत गावातले वकील-व्यापारी होते, तसे गव्हाण-उरणकडचे शेतकरी, मिठागरवाले, कोळीही. बुवांची पत्रं मी लिहायचो, उत्सवाची व्यवस्था मी बघायचो, त्यामुळे मठ म्हणजे बुवा आणि भाऊ कारकून असं लोक धरून चालत. मीही धरून चाललो होतो. बुवांचा पुतण्या सदाशिवराव पेणला असायचा, तोही मनात काही धरून असावा.

शेवटच्या भेटीत बुवा भिंतीला टेकून बसले होते. श्वास लागत होता. पोष्टाची पत्रं वाचून झाली तेव्हा म्हणाले, "भाऊ, माझ्या मागं नामूला बसवा." नामू म्हणजे गव्हाणच्या मिठागरावरचा. बारा-तेरा वर्षं मठात झाडलोट करणारा, भजनात टाळ धरणारा, सही करताना जीभ बाहेर काढणारा नामू!  आवाज शक्य तितका सरळ ठेवून मी म्हणालो, "बुवा, हे लिहून द्या. लोक मानणार नाहीत." ते हसले. "लिहून कशाला? तुम्ही ऐकलंत ना?"

...झालं. त्यानंतर दहाव्या दिवशी ते गेले. कागद नाही, दुसरा साक्षीदार नाही.

दहन झालं, अस्थी विसर्जित झाल्या, आणि कुजबुज सुरू झाली. सदाशिवरावाने दिवस केले, त्याचा तो हक्कच होता. पण त्याच्या भोवतीच्या कुणीतरी पसरवलं की गुरू गेला की त्याने दिलेलं नामही जातं, तेव्हा घराण्यातल्या माणसाकडून पुन्हा घ्या. सदाशिवरावानेही नाही म्हटलं नाही. अकराव्या दिवशी मठाच्या ओटीवर माणसं रांगेत बसलेली मी पाहिली. तरंगीबाई कोळीण, पासष्टीची, माझा सदरा धरून विचारू लागली, "भाऊ, ह्या खरा हाय का? तीस वरसा घेतला ता नाम मेला का आमचा?" तिच्या डोळ्यांतली भीती बघून मला स्वतःची लाज वाटली. मी अकरा दिवस तोंड मिटून बसलो होतो. का? तर मठात येणारे वकीलसाहेब रोज येऊन "भाऊ, तुमच्याशिवाय आहे कोण? तुम्हीच बसा" म्हणत होते, आणि ते ऐकायला बरं वाटत होतं.

त्याच दुपारी पत्रक लिहायला बसलो. मठाची नोंद धर्मादाय कचेरीत होती. तिथे विश्वस्त म्हणून बुवा, सदाशिवराव आणि मी. बुवांचं नाव कमी करायचा अर्ज दिला की कचेरीचं काम संपलं. नाम कोणी द्यायचं हे कुठलीच कचेरी सांगत नाही. ते सांगायचं ते सर्वांसमोर, तेराव्याला, भंडाऱ्याच्या पंगती बसण्याआधी. कारण जेवून माणसं पांगली की जो तो आपापला गुरू घेऊन घरी जाणार.

बाराव्या दिवशी नामूला बोलावून सांगितलं. तो पांढराफटक पडला. "भाऊ, माझा नाव नका घेऊ. मना बुवा काय बोललं नाय." मी विचारलं, "नाम द्यायची रीत शिकवली का?" त्याने मान हलवली. "शिकवली. तीन येला कानान सांगायचा, मंग त्याच्या तोंडशी आयकून घ्यायचा. आनि तो जेवल्याबिगर आपन जेवायचा नाय. पन का शिकवतान ता मी कदी इचारला नाय." ही रीत बुवांनी मलाही कधी सांगितली नव्हती. उरलीसुरली आशाही संपली.

तेराव्याला ओटी, अंगण, तळ्याची पायरी माणसांनी भरली होती. आसनावर बुवांच्या पादुका ठेवल्या होत्या. मी उभा राहिलो, गुरुपरंपरेची नावं घेतली आणि वाचू लागलो. "आपले सद्गुरू तात्याबुवा यांनी देह ठेवला. त्यांचे आसन त्यांच्या पादुकांचेच राहील. त्यावर कोणी बसणार नाही. त्यांनी दिलेले नाम त्यांच्या देहाबरोबर गेलेले नाही. ते पुन्हा घेण्याचे कारण नाही. या दिवसांत ज्यांनी पुन्हा घेतले त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू नये. पुण्यतिथीची पूजा सदाशिवरावांच्या हातून होईल. यापुढे नाम देण्याचा अधिकार, बुवांच्या आज्ञेने, नामदेव यांचा."

गलका झाला. सदाशिवराव उठून उभा राहिला. "आज्ञा कुठे आहे? कागद दाखवा. साक्षीदार कोण?" वकीलसाहेबांनी आदल्या दिवशीच सुचवलं होतं की बुवांची सही असलेला कोरा कागद माझ्यापाशी असेलच. होताही. पण तो मी घरी ठेवून आलो होतो. "कागद नाही," मी म्हणालो. "ऐकणारा मी एकटा. आणि ऐकलं तेव्हा मला आनंद झाला नाही. मला वाटत होतं, ते माझं नाव घेतील."

  मग तरंगीबाईचा आवाज आला, "खोटाच बोलायचा असता तं सोताचा नाव नसता घेतला?" सदाशिवरावाने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्याचंही काही गेलं होतं, काका गेला होता. शेवटी त्यानेच पुढे होऊन नामूच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. नामू पादुकांच्या खाली, जमिनीवर बसला. एकेक जण वाकू लागला. वकीलसाहेबही वाकले. मी पत्रकाची घडी घालत राहिलो आणि पंगतीच्या व्यवस्थेला निघून गेलो. मी वाकलो नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्या मात्र आलं होतं. महिन्याभराने एका गुरुवारी भजन आटोपल्यावर मी बुवांच्या खोलीत गेलो. नामू एकटाच होता. एकदाचं उरकून टाकावं म्हणून मी मुकाट्याने वाकलो, तर त्याने पाय मागे घेतले. "नका भाऊ. आज तुमी रागात हाव. राग गेला का या. मी हाय हितंच."

माझा नमस्कार नाकारणारा आजवर एकच माणूस होता, आणि तोही नेमका असाच पाय मागे घ्यायचा. मी उंबऱ्यावर बसलो आणि बुवा गेल्यापासून पहिल्यांदा रडलो. नामूने पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला.

राग अजून आहे, थोडा. येत्या गुरुवारी जाऊन बघतो.